मदत हवी आहे: बाळंतपणाच्या रजेनंतर टीमला काय मेल लिहू? (मॅनेजर नवे आहेत)

सई_कोथरूड
पुण्यात आयटीत आहे, टेस्टिंग टीमची लीड. पुढच्या गुरुवारी रजेवरून परत रुजू होतेय. मधल्या काळात मॅनेजर बदलले. जुने मॅनेजर म्हणाले होते, "परत आलीस की संध्याकाळचे कॉल नको घेऊस." पण ते तोंडी. नव्या मॅनेजरशी अजून एकदाही बोललेले नाही. माझं काम टीममधला एक ज्युनिअर बघतोय, आणि छान बघतोय असं कानावर येतं. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, रोजचा कॉल रात्री साडेआठला. पाळणाघर साडेसहाला बंद होतं, नवरा घरी येतो नऊला.

मेल इंग्रजीतच जाईल, इथे मराठीत देते:

"सर्वांना नमस्कार. मी गुरुवारपासून परत येत आहे. इतके दिवस माझ्यामुळे तुमच्यावर ताण पडला, त्याबद्दल क्षमस्व. सगळं समजून घ्यायला थोडा वेळ लागेल, पण लवकरच पूर्ववत कामाला लागेन. काहीही लागलं तर हक्काने सांगा. बाळामुळे वेळेचं थोडं मागेपुढे होईल, सांभाळून घ्या."

नवऱ्याला आवडलंय. मला खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही.

दादरकर
प्रथम बाळाबद्दल अभिनंदन! मी बँकेत होतो. बायपासनंतर परतलो तेव्हा दोन ओळींचा रुजू अहवाल, सोबत डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, साहेबांची सही, संपलं. एवढं लिहायचं कशाला? तारीख मात्र अचूक घाला, पगार त्यावरच निघतो.

सई_कोथरूड
धन्यवाद काका! ते एचआरच्या पोर्टलवर झालंय. ही मेल टीमसाठी आहे.

हक्काचं_बोला
क्षमस्व वगैरे आधी काढा. रजा कायद्याने मिळालेली आहे, उपकार नाहीत. आणि एचआरला सीसीत ठेवून स्पष्ट लिहा की बाळ वर्षाचं होईपर्यंत घरून काम करणार. तो आता कायद्याने हक्क आहे.

जुना_मॅनेजर
वरचं अर्धं बरोबर. क्षमस्व काढाच. पण घरून काम हा हक्क नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर दोघांच्या संमतीने ठरवता येतं, एवढंच कायदा म्हणतो. हक्काच्या गोष्टी वेगळ्या आहेत: मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय. तुमच्या कंपनीने जवळच्या पाळणाघराशी काही व्यवस्था केली आहे का, हे एचआरला जरूर विचारा. पण टीमच्या मेलमध्ये कायद्याचा सूर आणू नका. पहिल्याच दिवशी नवा मॅनेजर सावध होऊन बसेल.

आता मसुदा. "काहीही लागलं तर हक्काने सांगा" आणि "वेळेचं मागेपुढे होईल" ही दोन वाक्यं एकमेकांना खोडतात. वाचणारा सोयीचं तेवढं उचलतो, म्हणजे पहिलं. "पूर्ववत" हा शब्द त्याहून घातक. तुमचं पूर्वीचं काम आज दुसऱ्याच्या हातात आहे. त्या पोराने तो शब्द वाचला की एक तर सगळं तुमच्या टेबलावर टाकून मोकळा होईल, नाही तर काही न बोलता करत राहील. मग क्लायंटच्या एकाच मेलला दोघांचीही उत्तरं जातात. तसं झालं की समजायचं, जबाबदारी ठरलेलीच नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी मॅनेजरशी अर्ध्या तासाचा कॉल, जमलं तर रुजू होण्याआधीच. त्यात वेळ आणि जबाबदारी ठरवा. लगेच त्यांना एकट्यांना मेल करा: "आपण बोललो ते असं". जुन्यांचं तोंडी आश्वासन तिथे पुरावा म्हणून मांडू नका, नव्याने मागा. मग ज्युनिअरशी बोला. टीमची मेल सगळ्यात शेवटी, आणि त्यात फक्त ठरलेलं लिहा.

वेळ भारतीय घड्याळात लिहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे जातात आणि तुमचा साडेआठचा कॉल साडेनऊला येतो. "एक कॉल घेईन" एवढंच लिहिलंत तर तेव्हा पुन्हा पहिल्यापासून वाद.

चहाबाज
गुरुवारी रुजू होताय हे झकास. दोन दिवसांत लॅपटॉप, पासवर्ड, व्हीपीएन आणि गेलेले ॲक्सेस यांतच जीव जातो. माझं तर रजेत ग्रुपमधूनच नाव उडालं होतं. आठवडाभर मेलच येईनात आणि मला वाटलं, वा, काय शांतता!

सई_कोथरूड
इनबॉक्समध्ये हजारो मेल असतील. त्यांचं काय करू?

जुना_मॅनेजर
वाचू नका. ज्यात "टू"मध्ये फक्त तुमचं नाव आहे तेवढ्या चाळा, बाकीच्या एका फोल्डरमध्ये सरकवा. आणि टीमला तसं सांगूनच टाका, म्हणजे ज्याचं अडलंय तो पुन्हा पाठवेल. मधल्या काळाची माहिती माणसांकडून घ्या. प्रत्येकाला दोनच प्रश्न: मी नसताना काय ठरलं, आणि आज माझ्यावाचून काय अडलंय? "काय काय झालं?" असं मोघम विचारलंत तर सगळा इतिहास ऐकावा लागेल.

सई_कोथरूड
मॅनेजरशी आज बोलणं झालं. माणूस बरा वाटला, जुन्यांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. रात्रीचा कॉल मंगळवारी मी घरून घेणार, बाकीचे दिवस ज्युनिअर. सहा आठवड्यांनी पुन्हा बघायचं. नवी मेल:

"नमस्कार. मी गुरुवारपासून परत येत आहे. रजेतलं माझं काम अ. ने सांभाळलं, त्याचे मनापासून आभार. पुढचे दोन रिलीज तोच बघेल, मी सोबत असेन. त्यानंतर रिलीजची अंतिम मंजुरी माझ्याकडे येईल. ऑटोमेशन त्याच्याकडेच राहील.
माझी वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. मंगळवारी रात्री साडेआठचा क्लायंट कॉल मी घेईन, इतर दिवशी अ. ही व्यवस्था सहा आठवड्यांसाठी आहे, मग पुन्हा ठरवू. सहानंतर खरोखर अडलं तर फोन करा, मेसेज कदाचित दिसणार नाही.
रजेतल्या जुन्या मेल मी वाचणार नाही. माझ्याकडून काही हवं असेल तर पुन्हा पाठवा. येत्या आठवड्यात प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोलेन: मी नसताना काय ठरलं आणि माझ्यावाचून काय अडलंय."

हक्काचं_बोला
छान! नर्सिंग ब्रेकही घाला की. लपवायचं काय त्यात?

जुना_मॅनेजर
लपवायचं नाही, पण पंधरा जणांना कारण कशाला? कॅलेंडरवर ती वेळ "उपलब्ध नाही" अशी अडवून ठेवा. मॅनेजरला सांगितलं की झालं.

चहाबाज
माझ्या बायकोने उलट केलं होतं, सरळ लिहिलं. त्यामुळे टीममधल्या आणखी एकीला विचारायचं धैर्य आलं. टीमवर आहे हे.

जुना_मॅनेजर
मान्य, टीमवर आहे. मेल बाकी उत्तम. एकच बघा: सहा आठवड्यांनी काय बघायचं ते मॅनेजरच्या मेलमध्ये नोंदवलंत का? नुसतं "पुन्हा बघू" म्हटलं की तेव्हा कॉलची संख्याच वाढते. आणि पहिल्या दहा दिवसांत सातची मीटिंग आली तर मुकाट्याने जाऊ नका. "सहाच्या आत घेता येईल का?" असं दरवेळी उत्तर द्या. दोनदा गेलात की मेल रद्द झाली म्हणून समजा.

सई_कोथरूड
नाही लिहिलं, आत्ता घालते. आणखी एक राहिलंच. अ. ला रात्रीचे चार कॉल दिलेत, पण त्याला त्याचा भत्ता किंवा पद काहीच नाही. तो हो म्हणाला, पण ज्युनिअर माणूस नाही कसं म्हणणार? हे मी मॅनेजरकडे काढू का? की आल्या आल्या नको?

दादरकर
आमच्याकडे वरच्या पदाचं काम केलं की ऑफिशिएटिंग भत्ता मिळायचा. तुमच्यात नाही?

सई_कोथरूड
नाही ना काका. कुणाचा अनुभव असेल तर सांगा, रुजू व्हायला अजून चार-पाच दिवस आहेत.