डीरेटिंगला मराठीत काय म्हणायचं? 'करंट कमी करा' लिहून फसलोय

अर्धवट_अनुवादक
भोसरीत एक ओळखीचे आहेत, पावडर कोटिंगचे छोटे ओव्हन बनवतात, त्यांच्या मॅन्युअलचं मराठी मी करून दिलं. त्यात एसएसआरच्या, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रिलेच्या, पानावर एक वाक्य होतं की पॅनेल गरम असेल तर करंट डीरेट करा. मी सरळ लिहिलं 'पॅनेल गरम झाल्यास करंट कमी करा'. काल एका गिऱ्हाइकाच्या ऑपरेटरचा फोन, साहेब करंट कमी करायचं बटण कुठंय? बटण नाहीच! आणि त्या भल्या माणसाने सेटिंग १९० वरून १६० वर आणून ठेवलेलं, पावडर कच्ची राहिली, अख्खा लॉट परत. तर मंडळी एक धड शब्द सुचवा. आणि हीटसिंकला मी 'उष्माशोषक' लिहिलंय ते चालेल ना?

शुद्धलेखनी
मानांकन म्हणजे रेटिंग, म्हणून 'मानांकन-घट'. इतकं सोपं आहे. आणि मॅन्युअल नाही, माहितीपुस्तिका.

निवांत_कोथरूड
भारनियमन हा शब्द आहे की आधीपासून. आमच्याकडे दर गुरुवारी असतंच, सकाळी १० ला जाते ती दुपारी ४ ला येते, पाणी पण नाही.

अर्धवट_अनुवादक
काकू, लाईट जायचा प्रश्न नाहीये 😀

तपकीर_गल्ली
शब्दाचं तुम्ही बघा, माझं काउंटरवर ३० वर्षं हेच चालू आहे म्हणून सांगतो. चूक 'कमी' शब्दात नाही, 'करंट' शब्दात आहे. हीटर ६ किलोवॅटचा असला तर २३० व्होल्टला तो २६ अँपियर घेणारच, तुम्ही मॅन्युअलमध्ये काहीही छापा. कमी धरायचा असतो तो एसएसआरवर छापलेला आकडा. वर ४० लिहिलंय ते मोठ्या हीटसिंकवर आणि गार हवेत. नुसती एसएसआर पत्र्यावर टांगली तर ४० वालीने ५-६ अँपियरच्या पुढे जाऊच नये. म्हणजे हा ऑपरेटरने करायचा उद्योगच नाही, पॅनेल बनवणाऱ्याने माल निवडताना करायचा हिशोब आहे, तुमचं वाक्य चुकीच्या माणसाला सांगितलं गेलं.

गुलटेकडीकर
मग याला शब्द आहे ना राव, कडता! आमच्या मार्केट यार्डात पोत्यामागे माती, ओल, बारदान यांचं म्हणून वजन कापायचे तो कडता. पोत्यावर १०० लिहिलंय पण हिशोबात ९८ धरायचे. एसएसआरवर ४० लिहिलंय पण उन्हाळ्याचा कडता कापून २५ धरा. माझे आजोबा असते तर एका झटक्यात समजले असते.

शुद्धलेखनी
कडता म्हणजे शेतकऱ्याच्या खिशातून कापलेले पैसे. तो शब्द तांत्रिक पुस्तिकेत? शिवाय अर्धे वाचक त्याला 'कडवट' वाचतील.

विंडिंगवाला
एवढं डोकं कशाला लावता, ४० ची जागा ६० ची घाला विषय संपला. आम्ही कायम डबल घालतो.

तपकीर_गल्ली
अर्धं बरोबर आहे तुमचं. मोठी घेतली तर आतला चिप जरा आरामात राहतो हे खरं, पण बाहेर पडणारी उष्णता जवळजवळ तेवढीच. ट्रायक असो नाहीतर एसएसआर, चालू असताना तिच्यात एक-सव्वा व्होल्ट खाल्ला जातोच, म्हणून दर अँपियरला साधारण सव्वा वॅट धरायचा. २६ अँपियरला झाले ३०-३२ वॅट. म्हणजे बंद पॅनेलमध्ये एक सोल्डरिंग आयर्न सकाळपासून रात्रीपर्यंत चालू ठेवल्यासारखं. ६० ची घातली म्हणून आयर्न बंद होत नाही, हीटसिंक तेवढाच लागतो.

आता भोसरीवाल्यांचंच बघा. पॅनेल ओव्हनच्या अंगाला चिकटलेलं असणार, मे महिन्यात आतली हवा ५० डिग्री सहज. एसएसआरसोबत जो स्वस्तातला छोटा हीटसिंक मिळतो तो एका वॅटला २ डिग्री चढतो असं धरा, ३० वॅटला ६० चढला, ५० त्यात मिळवले की ११० झाले एसएसआरच्या पाठीला. आतला चिप त्याहून आणखी १५-२० वर, म्हणजे १२५ ते १३०, आणि बहुतेकांची हद्दच १२५. हीटसिंक दुप्पट चांगला घेतला, वॅटला १ डिग्रीवाला, तर पाठ ८० आणि चिप शंभराच्या आत-बाहेर. तीच ४० ची एसएसआर वर्षानुवर्षं चालेल. आणि पंख उभेच ठेवा, आडवे लावले तर गरम हवा वर निघत नाही.

विंडिंगवाला
पण हीटर काय सारखा चालू नसतो ना, कंट्रोलर चालू-बंद करतो, निम्माच वेळ चालू म्हणजे १५ वॅट.

तपकीर_गल्ली
टेंपरेचर आल्यावर हो. सकाळी गार ओव्हन १९० ला न्यायला पाऊण तास सलग चालू असतो त्याचं काय? तेवढ्यात हीटसिंक पूर्ण तापून बसतो. कडता त्या पाऊण तासाचा धरायचा. (बघा, मी पण कडता म्हणायला लागलो.)

गुलटेकडीकर
🙏 नोंद घ्यावी.

अर्धवट_अनुवादक
आता लक्षात येतंय. पुढे अजून एक वाक्य आहे, 'क्षमतेपेक्षा जास्त तापल्यास रिले उडेल'. ते तरी बरोबर आहे ना?

तपकीर_गल्ली
ते तर आधी काढा! 'उडेल' वाचून माणूस समजतो फ्यूज उडाल्यासारखं होईल, हीटर बंद पडेल, फारतर काम थांबेल. एसएसआर बहुतेक वेळा शॉर्ट जाते. कंट्रोलरचा आउटपुट दिवा विझलेला आणि हीटर चालूच, ओव्हन १९० सोडून चढत राहतो. काँटॅक्टरला वायरमन 'चिकटला' म्हणतात तेच इथं म्हणा, एसएसआर चिकटते. म्हणून हीटरच्या लायनीत वेगळा काँटॅक्टर आणि त्याला वेगळा थर्मोस्टॅट हवाच, दुसरी एसएसआर नको, तीही तशीच चिकटेल.

विंडिंगवाला
आमच्याकडे एक आली होती, गरम असली की बंदच व्हायची नाही, काढून टेबलावर तपासली तर एकदम ओके. गिऱ्हाईक म्हणे तुम्ही उगाच नवीन खपवता. ती चिकटलेली का?

तपकीर_गल्ली
ती कायमची चिकटलेली नव्हती. चिप हद्दीपलीकडे तापला की गेटला सिग्नल नसतानाही चालू राहतो, गार झाला की शहाणा. नवीन बदलून उपयोग नाही, तीही तसंच करेल. एक थर्मोकपल हीटसिंकवर एसएसआरच्या कडेला स्क्रूखाली दाबा आणि पाऊण तासाने आकडा वाचा. शंभर दाखवला तर हीटसिंक लहान आहे, नाहीतर मागची पेस्ट वाळली आहे. हात लावून बघू नका.

शुद्धलेखनी
मूळ प्रश्नावर येऊ या का? 'उष्माशोषक' चूक आहे. शोषून ठेवत नाही, हवेत सोडतो. उष्माविसर्जक.

गुलटेकडीकर
सिंक म्हणजे मोरी. उष्णतेची मोरी. तुंबली की घरात पाणी.

शुद्धलेखनी
मोरी??

निवांत_कोथरूड
मोरीच बरोबर आहे, आमच्याकडे अजून मोरीच म्हणतात. आणि रिले 'तो' ना हो? तुम्ही सगळे 'ती' काय म्हणताय

विंडिंगवाला
आम्ही 'ती' म्हणतो. ट्रायक मात्र 'तो'.

अर्धवट_अनुवादक
सध्या हे पाठवतोय: 'एसएसआरवरचा आकडा पूर्ण धरू नये. पॅनेलमधली हवा जितकी गरम तितका तो कमी धरावा, सोबतचा तक्ता पाहावा. हे काम पॅनेल बनवणाऱ्याचे आहे.' कडता कंसात टाकू का नको?

शुद्धलेखनी
नको.

गुलटेकडीकर
टाका.