उत्तर: भाग्यरेषेवरचं वय

> "भाग्यरेषा तुटली तिथलं वय एक जण ३५ सांगतो, दुसरा ४२. खरं कोणाचं?"

दोघांची मोजपट्टीच वेगळी आहे, भाऊ. आयुष्यरेषेचं वय अंगठ्याच्या वरून खाली मोजतात, भाग्यरेषेचं मनगटावरच्या मणिबंधाकडून वर. इथवर सहसा वाद नाही.

पोळ्याच्या दिवशी ओट्यावर बसून मी काकाजींचा हात दोऱ्यानं मोजला. मणिबंध ते मधल्या बोटाचं मूळ १० सेंटिमीटर. रेषा तुटली होती ६ वर, नेमकी मस्तकरेषेपाशी. एक पद्धत म्हणते, मस्तकरेषा ओलांडली की ३५, हृदयरेषा ओलांडली की साधारण ५०. म्हणजे ३५. दुसरी पूर्ण लांबीला ७० वर्षं धरून समान भाग पाडते. सेंटिमीटरला ७ वर्षं, म्हणजे ४२. मस्तकरेषा कोणाची वर, कोणाची खाली असते, म्हणून हा फरकही हातागणिक बदलतो.

काकाजींची विहीर आटली, बैलजोडी विकली, तेव्हा ते ३८ चे होते. दोन्ही चुकल्या! पण घटना आधी माहीत असली की जाणकार ७० ऐवजी ६३ धरतो अन् बरोबर ३८ च्या जवळ आणून ठेवतो. म्हणून तुमच्या त्या दोघांना मोजायच्या आधी पट्टी कोणती ते कागदावर लिहायला लावा.