एकट्याने खेळताना मॉड टाकला, ऑनलाइनवर बॅन बसला. माझा गुन्हा काय?

घरकुल_अक्षय

गेमचं नाव लिहीत नाही, नाहीतर फॅन मंडळी त्यावरूनच भांडत बसतील. शनिवारी रात्री एकटा खेळताना मॉड टाकला, हवं ते सामान थेट खिशात देणारा. रविवारी सकाळी मॉडचं फोल्डर डिलीट केलं, रीसायकल बिनपण रिकामा केला आणि मगच ऑनलाइन गेलो. चार दिवस काही नाही. गुरुवारी बॅन. पैसे माझे, पीसी माझा, खेळत होतो एकटा. कुणाचं काय बिघडवलं मी? चीट पकडणारं अँटी-चीट आंधळं असतं, आणि त्याची बाजू घेणारे सगळे कंपनीचे चमचे.

रेणुका_सातरस्ता

"चमचे" वाचून चहा गार झाला, म्हणून सविस्तर लिहिते. मी दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधायचा डीबगर उघडा ठेवून पोट भरते. माझ्याच पीसीवर गेमने मला कितीतरी वेळा "आधी हे टूल बंद करा" म्हणून दारातून परत पाठवलंय. तेव्हा अँटी-चीटच्या प्रेमापोटी बोलत नाहीये.

फोल्डर डिलीट केलंस म्हणतोस. पण तो मॉड गेममध्ये शिरला कसा? बहुतेक मॉड गेमच्या exe शेजारी `dinput8.dll` किंवा `dxgi.dll` अशी एक फाइल ठेवायला सांगतात. ही नावं विंडोजच्याच फायलींची आहेत. गेमने ती मागितली की विंडोज आधी exe च्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बघतं, System32 मध्ये नंतर. म्हणून शेजारी ठेवलेली तोतया फाइल आधी लोड होते. ती खऱ्या फाइलची कामं खऱ्या फाइलकडे ढकलते आणि मधल्यामध्ये मॉड आत आणते. तू मॉड काढलास, पण दार उघडणारा पाहुणा तसाच बसून असेल तर पुढच्या वेळी गेम उघडताना तो पुन्हा आत आलाच.

आणि भिंतीपलीकडे बघणारं चीटसुद्धा याच दारातून येतं. अँटी-चीटला दिसतं ते एवढंच, की गेमच्या प्रोसेसमध्ये कुणाची डिजिटल सही नसलेली एक फाइल बसली आहे. तिच्या पोटात घोड्याचा रंग बदलणारा मॉड आहे की नेम धरणारा, हे तिच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

बंड्या_नवीपेठ

ताई, एवढं पुराण कशाला? साधी गोष्ट आहे. हे अँटी-चीट अख्खी हार्ड डिस्क चाळतं. गेमच्या मेमरीतले आकडे बदलणारं Cheat Engine नुसतं डाउनलोड केलेलं असलं तरी उचलतात. माझ्या कॅफेत आठ पीसी आहेत. पोरं काय काय टाकून जातात, म्हणून रोज रात्री सगळं पुसून मूळ इमेज टाकतो. अक्षय, तुझ्या डाउनलोड्समध्ये झिप पडलेली असणार बघ.

रेणुका_सातरस्ता

अर्धं बरोबर. चालू असलेले प्रोग्राम, खिडक्यांची नावं, लोड झालेले ड्रायव्हर हे बघतात. Cheat Engine उघडं असेल तर बऱ्याचदा गेम सुरूच होत नाही. पण झिप पडून आहे म्हणून बॅन, हे मी तरी पाहिलेलं नाही.

खरी गंमत टूल चालू असताना होते. डीबगर असो की Cheat Engine, दुसऱ्या प्रोग्रामची मेमरी वाचायची तर दोघांनाही विंडोजकडे एकच परवानगी मागावी लागते. विंडोजच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, बसलेलं अँटी-चीट ती परवानगी मधल्यामध्ये कातरतं. मग टूलमध्ये आकड्यांच्या जागी नुसती `??` दिसतात. मी स्वतःच्या प्रोग्राममधली चूक शोधतेय की कुणाची बंदूक भरतेय, हे त्या विनंतीवरून कळायला मार्ग नाही.

चादरगल्ली

म्हणजे निरपराध मेला तरी चालेल? ऑक्टोबर २०२३ विसरलात का? एएमडीच्या नव्या ड्रायव्हरमध्ये अँटी-लॅग प्लस नावाचं बटण आलं आणि काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ते चालू करणाऱ्यांना व्हॅक या व्हॉल्व्ह कंपनीच्या अँटी-चीटचे बॅन बसले. बिचाऱ्यांनी ना मॉड टाकला ना चीट. ग्राफिक कार्डाच्या कंपनीने दिलेलं बटण दाबलं. हे तुमचं डोळस अँटी-चीट!

रेणुका_सातरस्ता

डोळस मी कुठे म्हटलं? उलट तुमचं उदाहरण माझ्याच पदरात पडतंय. ते बटण इंजिनाच्या फाइलमधली फंक्शनं वळवत होतं. म्हणजे मेमरीत फंक्शनच्या सुरुवातीचे बाइट बदलायचे, की गेम तिथे पोचला की आधी आपल्या कोडकडे उडी मारतो. साधारण असं दिसतं:

```
48 89 5C 24 08
E9 xx xx xx xx
```

वरची ओळ मूळची, खालची वळवलेली. `E9` म्हणजे उडी. डिस्कवरच्या फाइलमध्ये वरची ओळ आणि मेमरीत खालची, एवढा फरक दिसला की घंटा वाजते. उडी एएमडीने मारली की चोराने, हे त्या पाच बाइटांत नसतं. एएमडीला ड्रायव्हर मागे घ्यावा लागला आणि व्हॉल्व्हने बॅन उठवले. मोठी कंपनी होती, जगभर बोभाटा झाला, म्हणून उठले. मॉड करणाऱ्या एकट्यादुकट्याच्या मागे कोण उभं राहणार, हा तुमचा मुद्दा असेल तर तो मान्य.

निवृत्त_काका

अक्षय बाळा, हे अँटिव्हायरसवाले असेच आहेत. गेल्या महिन्यात माझी सोसायटीच्या हिशेबाची फाइल खाल्ली. व्हायरस आहे म्हणे! दुकानदाराने अँटिव्हायरस काढून दुसरा घातला, दोनशे रुपये घेतले. तूही काढून टाक.

चादरगल्ली

काका, अँटिव्हायरस नाही ओ, अँटी-चीट.

निवृत्त_काका

तेच ते. फाइल खातात ना?

बंड्या_नवीपेठ

काका चुकीचे नाहीत. माझी तर फाइल नाही, फॅनच खाल्ला. एप्रिलमध्ये आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस जातं, कॅफेत पत्र्याखाली आठ पीसी. मी फॅनचा वेग वाढवायचं एक फुकटचं टूल टाकलं होतं. एके दिवशी एका गेमने ते ब्लॉक केलं. फॅन आपले निवांत, कार्ड तापून लाल, गेम अडखळायला लागला आणि पोरं मलाच शिव्या घालायला लागली. मॉड नाही, चीट नाही, वारा घेतला तरी गुन्हा? यावर बोला की.

रेणुका_सातरस्ता

त्या टूलच्या फोल्डरमध्ये `WinRing0x64.sys` आहे का बघा.

बंड्या_नवीपेठ

आहे. मग?

रेणुका_सातरस्ता

मग ब्लॉक केलं ते बरोबरच केलं. हा ड्रायव्हर फॅन, तापमान, दिवे असल्या टूलांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेला. त्याच्यावर रीतसर सही आहे, म्हणून विंडोज त्याला आत घेतं. आत गेल्यावर तो कुणीही सांगेल ती फिजिकल मेमरी वाचून-लिहून देतो, विचारणारा कोण हे बघत नाही. चीटवाला स्वतःचा ड्रायव्हर बनवायच्या भानगडीत पडत नाही, हाच पिशवीत घालून आणतो आणि गेमला न शिवता त्याची मेमरी वाचतो. २०२० मध्येच या दोषाला नंबर मिळालाय, CVE-2020-14979. फॅनचा वेग बायोसमधून ठरवा की.

बंड्या_नवीपेठ

ग्राफिक कार्डाचा फॅन बायोसमधून ठरत नाही, ताई. तापतं तेच. एसीत बसून सल्ले देणं सोपं आहे. या एकदा दुपारी तीनला नवी पेठेत.

चादरगल्ली

आणि अँटी-चीटचा स्वतःचा ड्रायव्हर काय गंगेत न्हालेला असतो का? २०२२ मध्ये गेन्शिन इम्पॅक्टचा `mhyprot2.sys` घेऊन रॅन्समवेअरवाल्यांनी अँटिव्हायरस बंद पाडले. ज्या मशिनवर तो गेम कधी टाकलाच नव्हता, तिथेसुद्धा. तोच दोष, तीच सही. फक्त बंड्याच्या टूलला चोर म्हणायचं आणि यांच्याला पोलीस.

रेणुका_सातरस्ता

बरं बाबा, ग्राफिक कार्डाच्या फॅनचं मी चुकले. `mhyprot2` चंही खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. खूश? आता ज्याचा धागा आहे त्याच्याकडे वळू का?

बंड्या_नवीपेठ

वळा. फॅनचं मात्र कुणीच बोललं नाही.

रेणुका_सातरस्ता

अक्षय, एकच विचारते. तुझ्या गेममध्ये एकट्याने खेळायचं पात्र आणि ऑनलाइन नेतो ते पात्र वेगळं आहे, की एकच?

घरकुल_अक्षय

एकच. का?

रेणुका_सातरस्ता

अरे देवा. मग dll राहू दे बाजूला. मॉड तू रविवारी काढलास, पण मॉडने दिलेलं सामान सेव्हमध्येच राहिलं. ते पात्र घेऊन तू ऑनलाइन गेलास म्हणजे पुरावा स्वतःच्या हाताने सर्व्हरवर नेऊन दिलास. त्या वेळी पीसीवर एकही मॉड नसला तरी फरक पडत नाही. एल्डन रिंगमध्ये २०२२ ला हेच झालं होतं. गेममधून वगळलेली एक चड्डी हॅकर लोक दुसऱ्यांसमोर टाकायचे. ज्यांनी भोळेपणाने उचलली त्यांना १८० दिवसांचा बॅन बसला. त्यांनी तर मॉडला हातही लावला नव्हता.

जीटीए फाइव्हमध्ये मधे भिंत आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे बॅटलआय हे अँटी-चीट आलं. लाँचरमधून ते बंद करून स्टोरी मोड मॉडसकट खेळता येतो, पण बंद असताना ऑनलाइनचं दार उघडतच नाही. स्टोरीतले पैसेही ऑनलाइनच्या खात्यात जात नाहीत. एल्डन रिंगमध्येही अँटी-चीटशिवाय गेम उघडला तर ऑनलाइन जाता येत नाही. पण पात्र दोन्हीकडे तेच. म्हणून मॉडवाल्या खेळासाठी सेव्हची वेगळी प्रत ठेवायची आणि ती प्रत कधीच ऑनलाइन न्यायची नाही. क्लाउड सेव्हसुद्धा आधी बंद करायचं. नाहीतर तू चांगलं सेव्ह परत ठेवशील आणि क्लाउड त्यावर बिघडलेलं आणून टाकेल.

घरकुल_अक्षय

हे गेमवाल्यांनी सांगायला नको का? मॉड टाकल्याबरोबर एक खिडकी उघडा म्हणावं, "हे पात्र आता ऑनलाइन नेऊ नका."

चादरगल्ली

ह्याला मात्र माझा पाठिंबा. चार दिवस गप्प बसायचं आणि मग मारायचं, ही कुठली रीत?

रेणुका_सातरस्ता

उशीर मुद्दाम करतात. चीट चालवल्याच्या मिनिटाला बॅन केलं तर बनवणाऱ्याला लगेच कळतं की कुठली गोष्ट पकडली गेली, आणि संध्याकाळपर्यंत तो ती बदलतो. म्हणून गोळा करून एकदम झाडू मारतात. खिडकीचं म्हणणं मला पटतं. पण "सामान खोटं आहे हे आम्ही असं ओळखलं" हे ती खिडकी चीटवाल्यालाही सांगणारच.

चादरगल्ली

म्हणजे शेवटी चोरासाठी साव उपाशी.

रेणुका_सातरस्ता

हो. आणि तो साव मीही आहे, वर लिहिलंय.

बंड्या_नवीपेठ

अक्षय, अपील टाक. "भावाने केलं" असलं काही लिहू नकोस, माझ्याकडची तीन पोरं तेच लिहून बसलीत. काय केलंस ते तारखेसकट सरळ लिही. उठेल न उठेल.

घरकुल_अक्षय

टाकतो. आत्ता गेमचं फोल्डर उघडून बघितलं. `dinput8.dll` तिथेच आहे. तारीख शनिवार, रात्री ११:४२. म्हणजे चार दिवस रोज ही घेऊनच ऑनलाइन जात होतो. आता बॅन हिच्यामुळे की सेव्हमुळे?

रेणुका_सातरस्ता

ते ते सांगणार नाहीत. अपिलात दोन्ही लिही.

निवृत्त_काका

ती फाइल अँटिव्हायरसने कशी नाही खाल्ली?