सल्ला हवा: दीक्षा अ‍ॅपची पालकांसाठी सूचनापत्रिका, एका पानात काय लिहावं?

माजलगावची_बाई
वस्तीवरच्या शाळेत शिकवते. दिवाळी झाली की निम्मे आईबाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजीकडं. काहीजण घरी एक फोन ठेवून जातात, पण वस्तीवर रेंज नाही. शाळेत वायफाय आहे, म्हणून जाण्याआधी पालकांना बोलावून इथंच पाठ उतरवून द्यायचेत. गेल्या वर्षी पत्रिकेत नुसतं "डाउनलोड करा" लिहिलं होतं. आठ दिवसांनी चौथीतल्या एकाची आजी फोन घेऊन आली. पाठाचं चित्र दिसायचं, दाबलं की गोल फिरत राहायचं. काय चुकलं असेल?

परभणीचा_तंत्रस्नेही
बाई, तो पाठ बहुतेक यूट्यूबवरचा असणार. दीक्षात काही व्हिडिओ यूट्यूबवरून जोडलेले असतात, ते फक्त नेट असतानाच चालतात. पालकाला हा फरक कळत नाही. म्हणून पत्रिकेत शेवटची पायरी अशी लिहा: पाठ उतरला की विमान मोड चालू करा, वायफायही बंद आहे ना बघा, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा, खालच्या "डाउनलोड" मध्ये जाऊन पाठ अर्धा मिनिट चालवा. चालला तरच फोन घेऊन शाळेबाहेर पडा.

सुरुवातीला माध्यम आणि इयत्ता नीट निवडा, नाहीतर भलतीच पुस्तकं येतात. लॉगिन लागत नाही. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन झाला नाही तर त्याखालची सहा अक्षरं शोधात टाइप करा. कॅमेऱ्याची काच फुटलेली असली की हेच कामी येतं.

उदगीरकर
एवढं कशाला, मेमरी कार्डात टाका, जागेचा प्रश्नच मिटला.

परभणीचा_तंत्रस्नेही
भाऊ, कार्डावर हलवता येतं, बरोबर. पण घरात कुणी तेच कार्ड काढून दुसऱ्या फोनात घातलं की पाठ गायब. आधी व्हॉट्सअ‍ॅपचे जुने व्हिडिओ काढून जागा करा, आणि अख्खं पुस्तक न उतरवता दोन-तीन पाठच घ्या.

अंबडची_आई
माझ्या मुलीचा फोन अडकत होता, दुकानदारानं "क्लिअर डेटा" केलं. सगळं गेलं. यूट्यूबचं डाउनलोड चालेल का?

परभणीचा_तंत्रस्नेही
ताई, क्लिअर डेटा केलं की पाठ जातातच, अ‍ॅप काढलं तरी तेच. जागा हवी असेल तर "क्लिअर कॅशे" एवढंच करा. यूट्यूबचं डाउनलोड वेगळं आहे, मधूनमधून नेट जोडावं लागतं.

माजलगावची_बाई
क्लिअर डेटाचं तर डोक्यातच नव्हतं. आजींसाठी ठळक अक्षरात लिहिते: "दुकानदाराला सांगा, दीक्षाला हात लावू नका." विमान मोडची तपासणी उद्या तिसरीच्या पालकांकडून माझ्यासमोर करून घेते. ज्यांच्या घरी एकच फोन आहे आणि तो बाप फडावर घेऊन जातो, त्या लेकरांचं काय करावं? कुणी काही केलंय का?

उदगीरकर
आमच्याकडं दोन घरं मिळून एक फोन ठेवतात. पण चार्जिंगवरून भांडणं होतात.