नहाणी ट्रॅपमधून गुडगुड आणि वास: सल्ला हवा आहे

ठाणेकरीण
नमस्कार. इमारत सात मजली, आम्ही चौथ्यावर. मे महिन्यात तीन आठवडे गावी होतो. परत आलो तर आतल्या बाथरूममध्ये गटाराचा वास. पाणी ओतलं की जातो, पण दोन दिवसांत पुन्हा येतो. शिवाय सकाळी वरच्यांच्या आंघोळी सुरू झाल्या की जाळीतून गुडगुड ऐकू येते. पाणी मात्र अजिबात तुंबत नाही. प्लंबर म्हणतो फरशी फोडून ट्रॅप बदलू. त्याआधी काही करून बघता येईल का?

जुना_गिरगावकर
रात्री अर्धी बाटली अ‍ॅसिड ओता, सकाळी पाणी मारा, वर डांबरगोळ्या टाका. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच करतो.

साइटवाला
काका, अ‍ॅसिड नको. ताईंचं पाणी व्यवस्थित जातंय, म्हणजे पाइप तुंबलेला नाही. अडचण उलटी आहे, ट्रॅपमध्ये पाणी टिकत नाहीये. आणि अ‍ॅसिड ओतल्यावर कोणी ब्लीच टाकलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

ताई, ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर, म्हणजे तीनेक बोटं पाण्याचा पडदा असतो. गटाराची हवा त्यानेच अडते. तुम्ही तीन आठवडे नव्हतात तेव्हा तो उन्हाळ्याने आटला, हे सरळ आहे. पण रोज वापर असताना दोन दिवसांत का जातो, ते शोधायला हवं.

आधी साफ करा. हातमोजे घालून जाळी काढा, खालचा कप फिरवून उचला. तारेचा आकडा करून केस ओढून काढा. ट्रॅपच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाच्या काठावरून केसांची बट पलीकडे लोंबत असेल तर ती मुद्दाम बघा. समईची वात तेल ओढते तशी ती बट पाणी हळूहळू पलीकडे नेते. साबणाचा थर जुन्या ब्रशने खरवडा आणि कोमट पाण्याने धुवा. उकळतं नको, पाइप पीव्हीसीचा असेल तर मऊ पडतो. कप परत नीट बसवा. बरेच जण पाणी लवकर जावं म्हणून तो काढूनच ठेवतात. काही ट्रॅपमध्ये सगळा पडदा त्या कपावरच असतो.

मग रात्री बादलीभर पाणी ओता, खराट्याची हीर बुडवून ओल कुठवर येते ती खूण करा. पहाटे एकदा मोजा, वरच्यांच्या आंघोळीनंतर पुन्हा मोजा.

शुभदा_नाशिक
आमच्या किचन सिंकखाली असाच वास येतो, तिथेही कप असतो का?

साइटवाला
नाही ताई, तिथे बाटलीसारखा ट्रॅप असतो, खालची वाटी हाताने फिरवून निघते. खाली बादली धरा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहीन.

मशीनवाली
आमची गुडगुड आमच्याच वॉशिंग मशीनमुळे होती. तिचा पाइप जाळीतून खोल खुपसलेला होता. मशीन जोरात पाणी सोडायचं आणि जाताना ट्रॅपमधलंही ओढून न्यायचं. पाइप जाळीच्या वर मोकळा ठेवला, थांबलं. गावी जाताना मी ट्रॅपमध्ये चमचाभर शेंगदाणा तेलही सोडते, पाणी कमी आटतं. खोबरेल नको, थंडीत गोठतं आणि त्याला केस चिकटतात.

ठाणेकरीण
सगळ्यांचे आभार. मशीन आमच्या दुसऱ्या बाथरूममध्ये आहे. काल साफ केलं. कप होता, पण केसांची लांब बट खरोखर काठावरून पलीकडे गेली होती! पहाटे पाच वाजता खूण जशीच्या तशी. वरच्यांच्या आंघोळीनंतर मात्र एक बोट पाणी कमी, आणि गुडगुड चालूच.

साइटवाला
म्हणजे कारणं दोन होती. बटीचं काम झालं. आता वरून पाणी उभ्या पाइपातून वेगाने पडतं तेव्हा मागे हवा कमी पडते. ती हवा पाइपाच्या गच्चीवरच्या उघड्या तोंडातून यायला हवी. ते बंद असेल तर तुमच्या ट्रॅपमधून ओढली जाते, तीच गुडगुड. गच्चीवर जाऊन तोंड बघा. फरशी फोडून नवा ट्रॅप बसवला तरी त्यातलंही पाणी असंच ओढलं जाईल.

जुना_गिरगावकर
पण आंघोळीची लाइन खाली जमिनीलगतच्या गली ट्रॅपला जाते, त्यातही पाण्याचा पडदा असतो. गटाराची हवा वर येणारच कशी?

साइटवाला
काका, जुन्या दोन पाइपांच्या इमारतीत तुमचं बरोबर आहे. तरी पाइपात आतून चढलेल्या साबणाच्या चिखलालाही वास असतोच. आणि नव्या इमारतींत बऱ्याचदा संडास-बाथरूम एकाच पाइपावर असतात. ताई, वरच्यांनी नुसता फ्लश केला तरी गुडगुडतं का?

ठाणेकरीण
ते लक्ष देऊन ऐकलेलं नाही, उद्या सांगते. गच्चीवर जाऊन आले. वॉटरप्रूफिंग करताना दोन पाइपांच्या तोंडांवर सिमेंट फासलंय, आमचा त्यातला कुठला ते कळेना. सेक्रेटरी म्हणतात, पाऊस आत जाईल म्हणून केलं.

साइटवाला
दोन्ही उघडायला सांगा. पावसासाठी वर जाळीची टोपी बसते. तोवर वरच्यांच्या आंघोळी आटोपल्या की दोन तांबे पाणी सावकाश ओतत जा.