'व्ह्यू'ला मराठीत काय म्हणायचं: बघितला, की नुसता लागला?

तासगावची: आमच्या शेडवर बेदाणा निवडतानाचा 18 सेकंदांचा शॉर्ट यूट्यूबवर टाकला. व्ह्यूज 2,400. वडील म्हणाले, "चोवीसशे माणसांनी बघितला?" मला हो म्हणवेना. मग मराठीत या आकड्याला म्हणायचं काय? 'प्रेक्षकसंख्या' तर पटत नाही.

कराडकर: 30 सेकंद बघितल्याशिवाय मोजतच नाहीत की. 'पाहिलेले' म्हणा, झालं.

मिरजेचे सर: व्हिडिओच 18 सेकंदांचा, 30 भरणार कुठून? ती अट स्किप करता येणाऱ्या जाहिरातीची: 30 सेकंद, किंवा जाहिरात त्याहून लहान असेल तर पूर्ण. साध्या व्हिडिओसाठी यूट्यूबने असा आकडा जाहीर केलेला नाही. शॉर्टचा नियम 31 मार्च 2025 पासून बदलला. सुरू झाला की एक, संपून आपोआप परत सुरू झाला की आणखी एक. किमान वेळ काहीच नाही. एखाद्यानं फोन हातात धरून चार फेरे होऊ दिले तर माणूस एक, व्ह्यू चार. अंगठ्यानं लगेच वर सरकवला तरी एक. ताई, स्टुडिओत अ‍ॅनालिटिक्समध्ये `Engaged views` किती दिसतात?

तासगावची: 900. आणि त्याच शेडचा सहा मिनिटांचा व्हिडिओ आहे, त्याला 310च.

मिरजेचे सर: जुन्या पद्धतीची मोजणी म्हणजे ते 900. शॉर्टच्या कमाईसाठी आजही तेच धरतात. सहा मिनिटांचा व्हिडिओ शॉर्टसारखा सरकवता सरकवता समोर येऊन गरगर फिरत नाही. म्हणून 2,400 आणि 310 एका तराजूत घालू नका. माणसं किती, ते `Unique viewers` मध्ये वेगळं मिळतं.

विट्याचे दुकानदार: मला व्ह्यूज वाढवून देतो म्हणून एकानं पैसे घेतले. इन्स्टाग्रामच्या रीलला आकडा आला, गिऱ्हाईक एक नाही. फसवलं का मला?

मिरजेचे सर: तेवढ्यावरून सांगता येत नाही. रीलमध्येही परत लागलेलं मोजतात. पुढच्या वेळी व्ह्यूजऐवजी किती खात्यांपर्यंत पोचलं, ते विचारा.

वाईची: मूळ प्रश्नाकडे येऊ. रेडिओ 'लागतो', गाणं 'लागतं', मग कुणी ऐको न ऐको. शॉर्टही लागतो. 2,400 वेळा 'लागला', 900 वेळा 'बघितला'. वडिलांना हे लगेच कळेल.

कराडकर: क्रियापद झकास. नाम करायला गेलात तर 'लागण' होईल, आणि ती आमच्याकडे उसाची.

तासगावची: फेऱ्यांसाठी 'आवर्तन' कसं वाटतं?

वाईची: भजनात ठीक. पण तुमच्या भागात आवर्तन म्हटलं की कालव्याचं पाणी सुटलं असंच वाटेल. मी 'फेरा' म्हणेन.

तासगावची: वडिलांना सांगितलं, "चोवीसशे वेळा लागला." ते म्हणाले, "मग बघितला किती जणांनी?" आता `Unique viewers` उघडते. 'व्ह्यू'चं नाम अजून सुचलेलं नाही, कुणाला सुचलं तर लिहा.