‘सुवर्णमध्य’ म्हणजे १.६१८ का? शब्द कोणता आणि कुठे वापरायचा

धोटा
मी सोलापुरात, पूर्व भागात जकार्डच्या चादरींची डिझाइनं काढतो. परवा बाहेरगावच्या एका खरेदीदाराचा मेल आला. ‘चादरीचा आकार आणि आतली नक्षी सुवर्णमध्यात बसवून द्या, ग्राहकाला नकळत आवडते’ असं त्यात लिहिलंय, आणि खाली १.६१८ हा आकडा. आमच्या घरात सुवर्णमध्य म्हणजे भावाभावांत भांडण झालं की थोरले काका काढतात तो. तुझं थोडं, माझं थोडं. चादरीत तो कसा काढायचा? या आकड्याला मराठीत नेमकं काय म्हणावं: सुवर्णमध्य, सुवर्ण प्रमाण, सुवर्ण गुणोत्तर? आणि एक प्रश्न शब्दाच्या बाहेरचा. हे खरंच पाळावं लागतं का? माझा पन्ना ६० इंचांचा आणि लांबी ९०. वर्षानुवर्षं हेच माप जातंय.

रंगपेटी
दादा, शब्द बरोबर आहे. इंग्रजीत ‘गोल्डन मीन’ म्हणतात, त्याचाच सुवर्णमध्य झालाय. मी वीस वर्षं चित्रकला शिकवतो आणि हा नियम पहिल्या महिन्यातच सांगतो. अथेन्सचं पार्थेनॉन मंदिर, मोनालिसा, सगळ्यांत तो आहे. फार लांब कशाला, तळ्यातल्या आपल्या सिद्धेश्वर मंदिराचा फोटो घेऊन मी स्वतः पट्टी लावली. रुंदी ८.४ सेंटिमीटर, उंची ५.२. भागून बघा, १.६१५ येतं. जुन्या कारागिरांना हे ठाऊक होतं.

पिवळंधमक
आमचा धंदा सराफीचा, म्हणून लिहितो. सुवर्ण प्रमाण म्हणजे दागिन्यात सोनं किती ते. २२ कॅरेट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं, म्हणून शिक्क्यावर ९१६ असतं. १.६१८ कुठून आलं ते कळलं नाही. चादरीला जरीचा काठ लावणार आहात का? तसं असेल तर जरीत सोनं किती ते लिहून घ्या.

पाटीवरची मावशी
पिवळंधमकदादा, प्रश्न सोन्याचा नाही, पण तुमच्यामुळे माझं काम सोपं झालं. ‘सुवर्ण प्रमाण’ हा शब्द मला का नको वाटतो ते तुम्हीच दाखवलंत. मराठी माणूस तो ऐकला की सोन्याचं प्रमाण असंच समजणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

आता क्रमाने. सुवर्णमध्य हा नीतीतला शब्द आहे. अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला की शौर्य हे भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधे असतं, आणि होरेस या रोमन कवीने अशा मधल्या वाटेला ‘सोनेरी’ म्हटलं. धोट्याचे थोरले काका काढतात तो हाच. १.६१८ चा याच्याशी काही संबंध नाही. इंग्रजीत एकच नाव दोन्ही गोष्टींना पडलं आणि भाषांतर करताना आपण ते न पारखता उचललं. शिवाय १.६१८ ला रेष कापली तर ती मधोमध कापली जातच नाही.

शाळेत धड्याचं नाव ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ असायचं, आणि ते दोन शब्द उगाच वेगळे नाहीत. दोन राशींची तुलना म्हणजे गुणोत्तर. अशी दोन गुणोत्तरं सारखी निघाली तर त्या राशी प्रमाणात आहेत असं म्हणायचं. युक्लिडने जे सांगितलं ते असं: रेष अशी कापा की अख्ख्या रेषेचं मोठ्या तुकड्याशी जे नातं, तेच मोठ्याचं लहान तुकड्याशी. ९७ इंच सूत घ्या, ६० वर कापा, ३७ उरतं. ९७ भागिले ६० म्हणजे १.६१७, आणि ६० भागिले ३७ म्हणजे १.६२२. जवळजवळ सारखं. अगदी तंतोतंत सारखं कुठल्याच पूर्ण आकड्यांनी होत नाही, कारण ही संख्या अपरिमेय आहे.

म्हणून आकडा सांगायचा असेल तर ‘सुवर्ण गुणोत्तर’ म्हणा. रेष कापण्याची ती कृती सांगायची असेल तर मला ‘सुवर्ण छेद’ आवडतो. ‘सोनेरी’ हे विशेषणही पुरातन नाही. मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या १८३५ च्या पुस्तकात ‘सोनेरी छेद’ असं नाव छापलेलं सापडतं. युक्लिड त्याला सोनेरी म्हणत नव्हता.

रंगपेटी
मावशी, शब्दाचं मान्य. पण पार्थेनॉनला तुम्ही उत्तर दिलं नाहीत. आणि मंदिराचं माप मी स्वतः घेतलंय, कुणाचं ऐकून सांगत नाही.

पाटीवरची मावशी
सर, तुम्ही स्वतः मोजलंत म्हणूनच त्यावर बोलण्यात अर्थ आहे. ऐकीव असतं तर सोडून दिलं असतं.

फोटोवर पट्टी लावली की एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणजे रुंदी ८.३ ते ८.५ आणि उंची ५.१ ते ५.३ यांत कुठेही असू शकते. ८.३ ला ५.३ ने भागा, १.५७ येतं. ८.५ ला ५.१ ने भागा, १.६७ येतं. तुमचं माप एवढंच सांगतं की उत्तर या दोहोंमधे कुठेतरी आहे. त्याच जागेत १.६ म्हणजे ८:५ बसतं आणि टोकाला १.६६७ म्हणजे ५:३ सुद्धा. कारागीर दोरीला गाठी मारून पाच आणि तीन मोजत होता की सुवर्ण छेद काढत होता, हे तुमची पट्टी सांगू शकत नाही. फोटो थोडा तिरका असला तर रुंदी आणखी आक्रसते.

आता मला सांगा, उंची कुठून कुठे धरलीत? कळसाच्या टोकापासून की कळसाच्या बुडापासून? खाली पायरीपर्यंत की पाण्यापर्यंत? आपल्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतं. मग मे महिन्यात मंदिराचं गुणोत्तर बदललं म्हणायचं का? एखाद्या इमारतीवर उभ्या रेषेत नजरेत भरणारे दहा बिंदू धरले तर त्यांच्यात ४५ अंतरं निघतात आणि त्या अंतरांच्या ९९० जोड्या. एवढ्या ढिगात १.६ च्या आसपासची जोडी मिळाली नाही तरच नवल.

पार्थेनॉनचंही तसंच. त्याचा वरचा चौथरा सुमारे ३०.९ मीटर रुंद आणि ६९.५ मीटर लांब आहे. गुणोत्तर २.२५, म्हणजे ९:४. साधा अपूर्णांक. मोनालिसाची फळी ७७ बाय ५३ सेंटिमीटर, म्हणजे १.४५. चित्रावर सोनेरी चौकट काढून दाखवतात तेव्हा ती कपाळापासून सुरू करायची की केसांपासून, हे चौकट काढणाराच ठरवतो.

शुद्धलेखनवही
लिओनार्दोने तर यावरच्या पुस्तकाची चित्रं काढली होती ना? आणि ज्या मालिकेतले लागोपाठचे आकडे भागत गेलं की १.६१८ च्या जवळ पोचतो, ती जैन पंडित हेमचंद्राने इटलीच्या फिबोनाचीच्या आधी दिली होती असं वाचलंय. मग हे गुणोत्तर मुळात आपलंच ना?

पाटीवरची मावशी
चित्रं काढली, खरं आहे. इटालियन गणितज्ञ लुका पाचोलीचं पुस्तक, १५०९ साली छापलं गेलं. पण ती चित्रं बहुपृष्ठकांची आहेत, भूमितीच्या घन आकारांची. इमारतीबद्दल लिहिताना पाचोली स्वतः साधी गुणोत्तरं सुचवतो. निसर्ग आणि कला यांच्या सौंदर्याचा हाच एक नियम, हा विचार जर्मनीच्या अडॉल्फ झाइझिंगने १८५४ मधे जोरात मांडला. आज जे फिरतं ते बरंचसं तिथून आलंय.

हेमचंद्राचं अर्धं बरोबर. लघू आणि गुरू मिळून अमुक मात्रांचे किती प्रकार होतात हे मोजताना १, २, ३, ५, ८, १३ हे आकडे आले, आणि ते बाराव्या शतकात, म्हणजे फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकाआधी. छंदशास्त्राची ती मोठी कामगिरी आहे. पण तिथे प्रश्न मात्रांच्या मोजणीचा होता. लागोपाठचे आकडे भागून चित्राची चौकट करायची, हे त्यात नाही. मालिका वेगळी, गुणोत्तर वेगळं, म्हणून दोन शब्दही वेगळेच ठेवूया.

रंगपेटी
मग कुणीच वापरलं नाही असं म्हणायचं का? वास्तुकार ल कॉर्ब्युझिएचं काय?

पाटीवरची मावशी
त्याने वापरलं, ठरवून वापरलं. आणि हे आपल्याला पट्टीने नाही, त्याच्या स्वतःच्या लिखाणातून आणि आराखड्यांतून कळतं. मोड्युलर नावाची मापपट्टी त्याने बनवली: ४३, ७०, ११३, १८३ सेंटिमीटर. ४३ आणि ७० मिळून ११३, ७० आणि ११३ मिळून १८३. १८३ ही माणसाची उंची धरली, ११३ वर बेंबी. चंडीगढच्या इमारतींत ही पट्टी आहे. चित्रकार दालीने १९५५ च्या आपल्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात हे मुद्दाम आणलं. वर पंचकोनी पृष्ठांचा मोठा घन काढलाय, आणि पंचकोनात हा छेद असतोच.

म्हणजे खूण ही. करणाऱ्याने आधी ठरवलेलं दिसतं का? तेच गुणोत्तर मोठ्या मापात आणि लहान मापात पुन्हा येतं का? की कुणीतरी नंतर येऊन एकच रेष जुळवली?

धोटा
मावशी, सर, आता माझं सांगतो. तुमचं वाचेपर्यंत मी एक नमुना काढूनही बसलो होतो.

ग्राफवर बुट्टा काढला, रुंदीला ८० हुक म्हणजे उभे धागे, आणि उंचीला १२९ पिक म्हणजे आडवे धागे. १२९ भागिले ८० म्हणजे १.६१. स्क्रीनवर छान दिसला. कापड उतरल्यावर लांबट वाटला, म्हणून टेप लावली. २ इंच रुंद आणि ४ इंच उंच! माझ्या मालात इंचाला ४० उभे धागे आणि ३२ आडवे. ग्राफचे चौकोन स्क्रीनवर चौरस होते, कापडावर नाहीत. सुवर्ण गुणोत्तर खरंच हवं होतं तर १०४ पिकच पुरले असते. हे मला गोल फूल काढताना पाठ असतं, या आकड्याच्या नादात विसरलो.

काठाचंही बघितलं. माझा रिपीट, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा नक्षीचा तुकडा, २४० हुकांचा, म्हणजे ६ इंच. तो सुवर्ण छेदाने कापला तर १४८ आणि ९२ येतात. १५० आणि ९० केला तर ५:३ होतं, आणि ३० हुकांचा छोटा बुट्टा दोन्हीकडे पूर्ण बसतो, पाच इकडे, तीन तिकडे. १४८ मधे तो अर्धवट तुटतो. फरक दोन धाग्यांचा, म्हणजे इंचाचा विसावा भाग. तुटलेला बुट्टा मात्र दुकानात कुणालाही दिसतो. मी १५०:९० ठेवणार.

राहिली लांबी. ६० च्या पन्न्याला ९७ इंच करायची तर चादरीमागे ७ इंच सूत जास्त. नमुन्याची एक चादर तेवढी काढून धुतली. लांबीत ४ इंच गेले, रुंदीत १. ९३ बाय ५९, गुणोत्तर १.५८. पहिल्या धुण्यात गेलं.

रंगपेटी
हे धाग्यांचं गणित मला माहीत नव्हतं. मंदिराचा फोटो मी वर्गात दाखवणार नाही, निदान ‘सिद्ध झालं’ असं म्हणून तरी नाही. पण एक सांगतो. मुलं मुख्य वस्तू कागदाच्या मधोमध ठेवतात, आणि हा छेद दाखवला की ती बाजूला सरकवतात आणि चित्र सुधारतं.

पाटीवरची मावशी
ते मी नाकारत नाही सर. पण तीन भाग करून एका रेषेवर ठेवा म्हटलं तर सुधारत नाही का? दोन तृतीयांशावरची रेष म्हणजे ०.६६७, तुमचा छेद ०.६१८. एकाच मुलाकडून दोन्ही काढून घ्या आणि कुठलं कोणतं हे न सांगता वर्गाला विचारा. जर्मन मानसशास्त्रज्ञ फेखनरने १८७६ मधे लोकांच्या आवडीचे आयत मांडले तेव्हा कल सुवर्ण आयताकडे दिसला. नंतरच्यांना तो तसा दर वेळी मिळाला नाही. मला स्वतःला हा प्रश्न मिटलेला वाटत नाही.

शुद्धलेखनवही
शब्दाचं ठरलं तर: आकड्याला सुवर्ण गुणोत्तर, कापण्याला सुवर्ण छेद, आणि सुवर्णमध्य काकांकडे. पण १.६१८ च्या आयताला काय म्हणायचं? ‘सुवर्ण आयत’ वाचलं की मला सोन्याची पाटीच दिसते.

पिवळंधमक
आमच्याकडे त्याला बिस्कीट म्हणतात.

धोटा
खरेदीदाराला आज उत्तर धाडतो. ‘लांबी ९० च राहील, काठ ५:३ मधे, बुट्टा १०४ पिकांचा.’ मेलमधे ‘सुवर्ण गुणोत्तर’ लिहू की नुसते आकडे देऊ, हे अजून ठरत नाही.